मदत हवी आहे: अनंताच्या कळ्या उमलायच्या आधीच तपकिरी होऊन गळतायत

खिडकीतली_बाग (मुलुंड): दहा इंची कुंडीत अनंत आहे. जानेवारीत चौदा कळ्या मोजल्या होत्या, आज तीन उरल्यात. कळी चांगली पेराएवढी होते, मग देठाकडून पिवळी, तपकिरी, आणि बोट लागलं की खाली. पानं मात्र हिरवीगार. बिल्डिंगला रंगकामाची परांची लागली म्हणून कुंडी पूर्वेच्या ग्रिलमधून पश्चिमेच्या बाल्कनीत आणली. मग पाच दिवस लग्नाला सांगलीत. आल्यावर माती ठणठणीत कोरडी. तेव्हापासून रोज तांब्याभर पाणी घालतेय, तरी गळती चालूच.

शेणखत_समर्थक: लोह कमी पडतंय. अनंताला आंबट माती लागते. फेरस सल्फेट द्या.

कुंडीकाका: माती आंबट लागते हे बरोबर. पण लोह कमी असतं तर कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असत्या. ताई, दोन गोष्टी सांगा. बाल्कनीत एसीचं बाहेरचं युनिट आहे का? आणि घातलेलं पाणी ताटलीत किती वेळात उतरतं?

मोगरावेडी: माझ्या मोगऱ्याच्या कळ्याही जांभळ्या पडतात! कडुनिंबाचं तेल मारू का?

कुंडीकाका: तुमच्या कळीत अळी असेल, फोडून बघा. ते दुखणं वेगळं.

खिडकीतली_बाग: युनिट आहे, कुंडीपासून हातभर. पाणी लगेच उतरतं. मला वाटलं, निचरा छान आहे.

कुंडीकाका: निचरा नाही, पाणी बगल देऊन जातंय. कोकोपीट पार वाळलं की आक्रसतं आणि कडेला फट पडते. पाणी त्या फटीतून खाली, मधला गोळा कोरडाच. कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. पुढे वरची पेरभर माती सुकली की मगच पाणी. युनिटच्या गरम झोतातून बाजूला घ्या, पण बाल्कनी तीच ठेवा. कळ्या असताना जागा बदलली की अनंत रुसतो. परांची उतरली तरी लगेच परत नेऊ नका.

शेणखत_समर्थक: दिवसातून चारदा पाणी फवारलं तर?

कुंडीकाका: दहा मिनिटांत सुकतं. कुंड्या जवळजवळ ठेवलेल्या बऱ्या.

खिडकीतली_बाग: बादलीत पंधरा मिनिटं बुडबुडे येत होते! कुंडी उचलवेना इतकी जड झाली. उरलेल्या तीन वाचतील?

कुंडीकाका: देठ पिवळा पडला असेल तर ती गेलीच. आज गळणारी कळी मागच्या हालाची असते, त्यामुळे आठवडाभर गळतील तरी घाबरू नका. एक कळी पांढऱ्या कागदावर झटका.

खिडकीतली_बाग: झटकली. एक बारीक पिवळट रेघ चालत गेली. फुलकिडे का?

कुंडीकाका: असतील. पण एकाने अकरा कळ्या गळत नाहीत. चार दिवसांनी पुन्हा झटका आणि किती दिसतात ते इथे लिहा. तोवर औषध नको.