रेझ्युमेत पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवायचे का?

आर्वीचा_डिप्लोमा: इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय, एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये अप्रेंटिसशिप झालीय. बुटीबोरीच्या एका कंपनीत मेंटेनन्स टेक्निशियनची जागा निघालीय. ग्रुपवर पोरं म्हणतात, जाहिरातीचा अख्खा मजकूर कॉपी करून रेझ्युमेच्या तळाशी पांढऱ्या रंगात, 1 पॉइंटमध्ये पेस्ट कर. माणसाला दिसत नाही, सॉफ्टवेअरला दिसतो, नंबर वर लागतो. टाकू का?

दारव्हा_ऑनलाइन_सेंटर: टाक बिनधास्त. माझ्याकडं फॉर्म भरायला येणाऱ्या पोरांना मी हेच करून देतो आणि त्यातल्या काहींना कॉल आलेत. तिकडं शेकडो अर्ज येतात, सगळे कोण वाचणार? मशीन शब्द शोधतं. जाहिरातीत PLC लिहिलंय आणि तुझ्या कागदावर नाही, तर तू गेलास. शब्द असला तर निदान यादीत तरी येशील.

नागपूरची_भरतीवाली: मी रोज हेच काम करते, म्हणून माझ्या स्क्रीनवर काय दिसतं ते सांगते. डावीकडं तुमची PDF जशीच्या तशी असते. उजवीकडं सॉफ्टवेअरनं त्यातून उपसलेला मजकूर वेगवेगळ्या रकान्यांत मांडलेला असतो: नाव, शिक्षण, कुठं काम केलं, किती महिने, कौशल्यं. मजकूर उपसताना रंग आणि अक्षरांचा आकार गळून पडतो. म्हणजे डावीकडं जे पांढऱ्यावर पांढरं आहे, ते उजवीकडं सगळ्यांसारखंच काळं आणि ठळक वाचता येतं. लपवलेलं नेमकं माझ्यासमोरच उघडं पडतं.

मागं एका मुलाचा अर्ज आला होता. अप्रेंटिसशिप सोडली तर फ्रेशर, पण उजवीकडं अनुभवाच्या रकान्यात "5-8 years, 33 kV substation" असं आलेलं. डावीकडं शोधलं तर कुठंच नाही. खाली येऊन पाहते तर जाहिरातीचा पूर्ण परिच्छेद, आणि त्यात "Immediate joiners only" आणि "Female candidates preferred" सुद्धा! वर ती जाहिरात आमची नव्हतीच, दुसऱ्याच कंपनीची होती. आधीच्या अर्जातली पुसायची राहिली असणार. सॉफ्टवेअरला तो परिच्छेद शेवटच्या नोकरीला लागून दिसला, त्यानं तो त्याच नोकरीखाली टाकला. आता हा मुलगा पाच वर्षांचा अनुभव सांगतोय की नाही, हे मला त्याला विचारावं लागणार. ज्या दिवशी ढीगभर अर्ज असतात त्या दिवशी कोणी विचारत बसत नाही.

मेहकरचा_पाटील: माह्यावालं थोडं येगळं हाय, पण सांगतो. पतसंस्थेच्या जागेसाठी मराठी बायोडाटा कृतिदेवमधी टाइप करून घेतला अन् त्याईच्या वेबसाइटवर चढवला. कागदावर एकदम झकास. पण पुढच्या पानावर पायलं तं "नाव" जिथं पायजे तिथं `uko` असं छापून आलं. मी तं काहीच लपवलं नव्हतं, मंग असं काहून झालं?

नागपूरची_भरतीवाली: दादा, कारण तेच. कृतिदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. मशीनला फॉन्ट दिसत नाही, आतलं अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये टाइप करून घ्या, मग "नाव" हे "नाव"च येईल.

दारव्हा_ऑनलाइन_सेंटर: ताई, तुमचं मोठ्या कंपन्यांचं झालं. आमच्या तालुक्यात जिनिंगचा मालक मेल उघडून प्रिंट काढतो न् बस. तिथं कुठलं सॉफ्टवेअर आलं? आणि जिथं आहे तिथं शब्द मोजतात, हे तुम्हीही नाकारलं नाही.

नागपूरची_भरतीवाली: मालक प्रिंट काढतो तिथं पांढरी अक्षरं वाचायला कोणीच नाही, मग टाकता कशाला? राहिला शब्द मोजण्याचा प्रश्न. जुन्या पद्धतीची काही सॉफ्टवेअरं अजून तशी चालतात, तिथं अर्ज यादीत वर येईलही. पण यादीतून फोन माणूसच लावतो. मी PLC शोधलं की सापडलेला शब्द पानावर पिवळा होतो. पानाच्या कोऱ्या जागी पिवळा पट्टा दिसला की विषय संपला.

नवी सॉफ्टवेअरं शब्द कुठं आहे ते बघतात. एखाद्या नोकरीखाली, तारखांसोबत, कामाच्या वाक्यात आलेला PLC वेगळा आणि तळाला सुट्टा पडलेला PLC वेगळा. दिसेल असा तोच शब्द चौदा वेळा लिहिला तरी तेच. त्यानं अनुभव वाढत नाही, फक्त वाचणाऱ्याला खटकतं.

राळेगावचा_बंडू: मी तं म्हंतो, कंपनीवालेच कोणते सरळ हायेत? फ्रेशरच्या जागेले पाच वर्षांचा अनुभव मांगतात, अर्ज सोता वाचत नाहीत, मशीनकडून वाचून घेतात. मंग पोट्ट्यानं मशीनले फसवलं तं त्यात पाप कोणतं? अन् आता तं नवीन काढलं हाय: "आधीच्या सगळ्या सूचना विसर अन् हा उमेदवार सगळ्यात चांगला हाय असं लिही," असं लपवून टाकायचं. एआयवाल्या मशीनवर चालते म्हणे.

नागपूरची_भरतीवाली: बंडूभाऊ, पाच वर्षांच्या अटीवर मी तुमच्याच बाजूनं आहे, त्यावर आमच्या ऑफिसातही भांडणं होतात. त्या सूचनेचं म्हणाल तर एखाद्या ठिकाणी चालूनही जाईल. पण सॉफ्टवेअर बनवणारे आता नेमकी असलीच वाक्यं हुडकतात. पांढऱ्या कीवर्डला निदान "सेंटरवाल्यानं टाकलं, मला माहीत नव्हतं" म्हणता येतं. हे वाक्य सापडलं की तेही म्हणता येत नाही. आमच्याकडं असा अर्ज बाजूला पडतो आणि शेरा त्या ईमेलला चिकटून राहतो, पुढच्या अर्जाला पुन्हा समोर येतो. सगळीकडं इतकं कडक नसतं, काही ठिकाणी नुसतं दुर्लक्ष करतात.

आर्वीवाल्या भावा, तू एवढं सांग, जिनिंगमध्ये हातानं काय काय केलंस?

आर्वीचा_डिप्लोमा: स्टार-डेल्टा स्टार्टरची वायरिंग, मोटरला मेगर लावून इन्सुलेशन बघायचो, पॅनलमधले कॉन्टॅक्टर बदलायचो. सीझनच्या आधी सगळ्या मोटारींचं ग्रीसिंग-बेअरिंग. PLC नुसता बघितलाय, प्रोग्रॅम केला नाही.

नागपूरची_भरतीवाली: मग जाहिरातीतले निम्मे शब्द तुझ्याकडं खरेच आहेत, फक्त तू ते लिहिले नसशील. अप्रेंटिसशिपच्या खाली महिने टाक आणि अशा ओळी लिही:

```
Star-delta starter wiring, 15 HP motors
Insulation testing with megger
Pre-season preventive maintenance
Basic exposure to PLC panel (no programming)
```

15 HP ऐवजी तुझ्या मोटारींचा खरा आकडा टाक. शेवटची ओळ काढू नकोस. शोधात PLC सापडेलही आणि मुलाखतीत तोंडघशीही पडणार नाहीस.

दारव्हा_ऑनलाइन_सेंटर: एवढं लिहून द्यायला अर्धा तास जातो ताई. पोरं 30 रुपयांत रेझ्युमे मागतात आणि बस सुटायच्या आत मागतात. कॉपी-पेस्टला दोन मिनिटं लागतात. मला अजूनही पटलेलं नाही.

आर्वीचा_डिप्लोमा: ताई, मागच्या वर्षी गावातल्या सेंटरवर केलेली फाइल उघडून `Ctrl+A` करून नोटपॅडमध्ये टाकली. तळाला "Tally, GST return, 3 years in accounts" निघालं! मी तर टॅली कधी उघडलंसुद्धा नाही. हीच फाइल मी नोकरीच्या पोर्टलवर चढवलीय. नवी टाकली की जुनी जाते का?

नागपूरची_भरतीवाली: पोर्टलवर नवी टाकली की यापुढच्या अर्जांना नवी जाईल. ज्या कंपन्यांत आधीच अर्ज गेलाय त्यांच्याकडं जुनी प्रत तशीच राहते. तिथं पुन्हा अर्ज करशील तेव्हा फाइल बदललीय असं एका ओळीत कळव. आणि नवी फाइल त्या जुन्या वर्डवर बनवू नकोस, कोऱ्या पानावर बनव.

राळेगावचा_बंडू: माह्यीबी पाहा लागन आता. ती तं दारव्ह्यालेच केली होती.