ट्रायल घेतल्या घेतल्या कॅन्सल करावी की शेवटी?

अपूर्वा_क: भाचीला फोनवर गेमची महिनाभराची फ्री ट्रायल घेऊन द्यायची आहे. पुढे पैसे कापले जायला नकोत. सुरू केल्या केल्या कॅन्सल केली तर चालेल का?

रानवारा: चालेल, आणि तेच करा. प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप करा, मग Payments & subscriptions, Subscriptions, आणि तिथे Cancel subscription. शेवटच्या तारखेपर्यंत खेळता येतं. तारीख लक्षात ठेवत बसू नका, माणूस विसरतोच.

सह्यकडा: अँड्रॉइडवर ठीक, पण आयफोनवर हाच सल्ला अंगाशी येतो. ॲपल आर्केडची ट्रायल कॅन्सल केली की गेम त्याच क्षणी बंद होतात. डाउनलोड केलेलेही उघडत नाहीत आणि ती ट्रायल परत मिळत नाही. तिथे थांबावंच लागतं, पण अगदी शेवटच्या दिवसापर्यंत नाही. संपायच्या किमान 24 तास आधी कॅन्सल करा, असं ॲपलच सांगतं. ट्रायल 10 ऑगस्टला रात्री नऊला सुरू झाली, तर 10 सप्टेंबरची वाट पाहू नका, 8 तारखेचा अलार्म लावा. Settings उघडून वर आपल्या नावावर टॅप केलं की Subscriptions दिसतं.

नितीन७: एवढा व्याप कशाला? यूपीआय ॲपमधून ऑटोपे रद्द करा, विषय संपला.

सह्यकडा: पैसे त्या वाटेने जाणार नाहीत, एवढं खरं. पण स्टोअरच्या लेखी सबस्क्रिप्शन चालूच राहतं. खात्यात बॅकअप म्हणून कार्ड जोडलेलं असेल तर वसुली तिकडून होऊ शकते. आधी स्टोअरमध्ये कॅन्सल करा, ऑटोपे नंतर.

मधुरा_पी: बाबांच्या फोनवर गेम अनइन्स्टॉल केला, तरी पैसे कापले गेले. Subscriptions मध्ये तर काहीच दिसत नाही!

सह्यकडा: गेम काढला म्हणून सबस्क्रिप्शन जात नाही. फोनवर दोन जीमेल असतील तर प्ले स्टोअरमध्ये खातं बदलून बघा, यादी प्रत्येक खात्याची वेगळी असते. पावतीचा मेल ज्या पत्त्यावर आलाय, तेच खातं.

गेमर_सातारा: मी बीजीएमआयचा रॉयल पास यूसी देऊन घेतला, तो कुठून कॅन्सल करू?

रानवारा: तो कॅन्सल करायचा नसतोच. यूसी एकदाच जातात, सीझन संपला की पास संपतो. इथे प्रश्न दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा आहे.
आणि सह्यकडा, आर्केडचं पटलं, पण अलार्मवर विसंबणं मला अजूनही पटत नाही. कापले जाण्याच्या किमान 24 तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे, तरीही लोकांचे पैसे जातातच.

सह्यकडा: ती सूचना येईपर्यंत ॲपलची 24 तासांची मुदत टळलेली असू शकते. म्हणून तर दोन दिवस आधीचा अलार्म.

रानवारा: मग आयफोनवर ट्रायल घेऊच नये, असं माझं मत.