चॅप्टर केसची नोटीस आली आहे, पहिल्याच तारखेला बॉण्डवर सही मागतायत. करावी का?

बांधावरची_बाभूळ

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव. आमच्या आणि चुलत्यांच्या रानात एकच बांध. जूनमध्ये पेरणीआधी त्यांनी ट्रॅक्टर घातला आणि बांध हातभर आमच्याकडे सरकला. वडील विचारायला गेले, शिवीगाळ झाली, ढकलाढकलीही झाली. लागलं कुणालाच नाही. दोन्हीकडून एनसी झाली आणि विषय थंडावला, असं आम्ही समजून चाललो होतो.

आता गणपती पंधरा दिवसांवर आलेत आणि तहसील कार्यालयातून नोटीस आली. वडील (वय ६१), मी (२४), चुलते आणि त्यांची दोन मुलं, असे पाचही जण त्यात आहेत. तारखेला गेलो तर तहसीलदार साहेब दौऱ्यावर होते. टेबलावरच्या कारकुनाने छापील फॉर्म पुढे केला, "अंतरिम बंधपत्र". म्हणाला, दोन जामीनदार आणा, त्यांचे सातबारे लावा, सही करून मोकळे व्हा, नाहीतर पोलीस उचलतील. चुलत्यांनी तिथल्या तिथे सही केली. वडील म्हणाले विचार करून येतो. पुढची तारीख मंगळवार.

मी पोलीस भरतीची तयारी करतोय, म्हणून जास्त धास्ती आहे. सही करायची की नाही?

गावगाडा

काही होत नाही भावा. मी आत्तापर्यंत तीनदा सही केली आहे, दोनदा ग्रामपंचायत निवडणुकीला आणि एकदा उरुसाला. नोटीस आल्यापासून सहा महिन्यांत केस आपोआप बंद होते. वकिलाला पाच हजार देण्यापेक्षा सही कर आणि घरी ये.

पिंट्याशेठ

माझ्या मेहुण्यालाही अशीच नोटीस होती, दोन जिल्ह्यांतून दोन वर्षं बाहेर. आम्ही अपिलात गेलो. लगेच वकील गाठ, गाव सोडायला लावतील.

बांधावरची_बाभूळ

पिंट्याशेठ, ती तडीपारी झाली ना? आमच्या नोटिशीत हद्दीबाहेर काढण्याचं काही नाही.

माजी_नायब

तडीपारी वेगळ्या कायद्याची, महाराष्ट्र पोलीस अधिनियमातली. इथे तिचा संबंध नाही. मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, चॅप्टरच्या फायली बऱ्याच हाताळल्या. सल्ला देण्याआधी नोटीस आणि तो फॉर्म, दोन्हींतला मजकूर इथे टाईप कर. गावाचं नाव, माणसांची नावं गाळ. रकमा मात्र आहेत तशाच लिही.

बांधावरची_बाभूळ

नोटीस: "...आपले व सामनेवाले यांचे दरम्यान शेतजमिनीचे कारणावरून वाद असून आगामी सणात आपले हातून सार्वजनिक शांततेचा भंग होणेचा संभव आहे. सबब आपणाकडून एक वर्ष मुदतीचे रु. २५,००० चे शांतता राखणेबाबत बंधपत्र व तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार का घेण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा." वर छापील कलम १०७ आहे, ते पेनाने खोडून १२६ केलंय.

फॉर्म: "...मी चांगली वर्तणूक ठेवीन..." रक्कम ५०,०००, जामीनदार दोन.

माजी_नायब

बरं झालं टाईप केलंस. आता सावकाश वाच.

कलम खोडलंय त्याने काही बिघडत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १०७ चं १२६ झालं. जुने छापील गठ्ठे संपेपर्यंत असंच चालतं.

खरा मुद्दा पुढे आहे. तुला आलेला कागद म्हणजे "बॉण्ड का घेऊ नये" हा प्रश्न आहे, बॉण्डचा हुकूम नव्हे. त्याचं उत्तर चौकशीतून यायचं असतं. हवालदार येऊन जबानी देणार, एनसी झाली तेव्हा काय घडलं ते सांगणार, तुम्ही किंवा तुमचा वकील त्याला उलट प्रश्न विचारणार, तुमचेही साक्षीदार होऊ शकतात. शांतता बिघडण्याचा धोका खराच आहे असं त्यातून सिद्ध झालं, तर बंधपत्राचा अंतिम हुकूम होतो. नाही झालं, तर कारवाई संपते. पोलिसांनी पाठवलेला अहवाल हा पुरावा नसतो, ती फक्त खबर असते. ही साधी गोष्ट आमच्याच कार्यालयांत पार विसरली गेलीय. सणाच्या आधी ठाण्यातून पाच-पन्नास प्रस्ताव एका दिवशी येतात, मजकूर तोच, नावं तेवढी वेगळी. आम्हीही डोळे झाकून सह्या केल्यात, खोटं कशाला बोलू.

चौकशी संपेपर्यंत थांबणं धोक्याचं असेल तर मध्येच बॉण्ड घेता येतो, तोच तुझा अंतरिम. पण त्याआधी दंडाधिकाऱ्याने तुम्हाला हुकूम वाचून दाखवून चौकशी सुरू केलेली असायला हवी, आणि आत्ताच घाई का, याची कारणं लेखी नोंदवलेली हवीत. साहेब दौऱ्यावर असताना कारकुनाने पुढे केलेल्या फॉर्मात यातलं काय आलं? शिवाय अंतरिम बॉण्ड मूळ नोटिशीपेक्षा जड असता कामा नये. नोटिशीत २५ हजार आणि एक जामीनदार, फॉर्मात ५० आणि दोन. इथेच तो फॉर्म नियमात बसत नाही.

गावगाडा

काका, पण शेवटी सही करावीच लागते ना? माझं सहा महिन्यांत मिटलं, हे खरं आहे.

माजी_नायब

मिटलं, कारण मुदतीत चौकशी झालीच नाही. सहा महिने नोटिशीपासून नाही, चौकशी सुरू झाल्यापासून मोजतात. आणि दंडाधिकारी विशेष कारणं लिहून मुदत वाढवूही शकतो. सुरुवात नेमकी कोणत्या दिवसाची धरायची, हजर झाल्याची की आरोप नाकारल्याची, यावर मी वकिलांना तासन्‌तास भांडताना पाहिलंय. त्यामुळे "आपोआप"वर फार विसंबू नकोस. आणि तीन वेळा सही केलीस त्या काळात तुझं कुणाशी वाजलं असतं तर काय झालं असतं, हे तुला कुणी सांगितलं होतं का?

अॅडव्होकेट_मीनल

काकांनी बरोबर सांगितलंय, पण दादा, तुम्ही सही सरळ नाकारायला निघालात तर थांबा. अंतरिम बॉण्डचा हुकूम नियमात बसणारा असेल आणि तरी तो दिला नाही, तर दंडाधिकारी बॉण्ड देईपर्यंत किंवा चौकशी संपेपर्यंत अटकेत ठेवू शकतो. कारकुनाची धमकी पोकळ असली तरी त्यामागची तरतूद पोकळ नाही.

आणखी एक गोष्ट फॉर्ममध्ये दिसते. १२६ च्या कारवाईत बॉण्ड फक्त शांतता राखण्याचा मागता येतो. चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड ओळख लपवून वावरणारे किंवा सराईत गुन्हेगार, अशा वेगळ्या कलमांतल्या लोकांसाठी आहे. हा शब्दांचा खेळ नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डमध्ये कैदेची शिक्षा असलेला कुठलाही गुन्हा, देशात कुठेही, केला की भंग झाला. मोटारसायकलवर कुणाला धडकलात आणि निष्काळजीपणाचा गुन्हा लागला, तरी बांधाच्या भांडणाचा बॉण्ड तुमच्या मानेवर येऊ शकतो. आणि भंग ठरला की दोन गोष्टी होतात: रक्कम तुमच्याकडून आणि जामीनदाराकडून वसुलीला निघते, आणि चौकशीअंती अंतिम हुकूमाने घेतलेला बॉण्ड असेल तर उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगातही टाकता येतं. अशी कैद कार्यकारी दंडाधिकाऱ्याने द्यावी का, यावर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तीव्र आक्षेप घेतलाय. त्याआधी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्याच एका प्रकरणात अशी कैद कायम ठेवली होती. महाराष्ट्रातल्या तालुक्यात तुम्हाला कोणता अनुभव येईल, मी पैज लावणार नाही.

मंगळवारी एकपानी लेखी अर्ज द्या. नोटिशीतले आरोप मान्य नाहीत, चौकशी करावी, पोलीस अहवालाची प्रत मिळावी, अंतरिम बॉण्डची गरज वाटत असेल तर कारणं नोंदवून मूळ नोटिशीच्या रकमेइतकाच घ्यावा. वडिलांचं वय बघता प्रत्यक्ष हजेरीतून सूट मागा, वकिलामार्फत हजर राहू देता येतं. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. शिक्का नाही तर अर्ज नाही.

कोथरूडकर

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून चेअरमनशी वाद झाला तर मलाही अशी नोटीस आली, पण ती एसीपी ऑफिसातून. तहसीलदार कुठून आला मग?

अॅडव्होकेट_मीनल

आयुक्तालयाच्या हद्दीत हे अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडे असतात, म्हणून. अहवाल पाठवणारं खातं आणि निवाडा देणारं खातं एकच, ही खरी खंत तुमच्या शहरातली. तुमचा वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

बांधावरची_बाभूळ

अपडेट. मंगळवारी गेलो. साहेब होते. अर्ज वाचला, फॉर्म हातात घेतला आणि कारकुनाकडे नुसतं बघितलं. "चांगली वर्तणूक" आणि ५०,००० वर रेघ मारून नवा कागद करायला सांगितला: शांतता राखणे, २५,०००, एक जामीनदार. आमच्यासमोर हुकूम वाचून दाखवला, वडिलांना विचारलं, मान्य? वडील म्हणाले, नाही. तसं लिहिलं. मग फाईलवर दोन ओळी लिहिल्या, विसर्जन मिरवणुकीचा रस्ता दोन्ही घरांसमोरून जातो म्हणून चौकशी संपेपर्यंत बॉण्ड आवश्यक. वाचून मला तरी ते कारण खोटं वाटलं नाही. वडिलांनी आणि मी सह्या केल्या. पुढच्या तारखेला हवालदाराची जबानी आहे.

गंमत म्हणजे चुलत्याचा धाकटा चहाच्या टपरीवर भेटला. त्यांनी पहिल्या दिवशी तो जुना फॉर्म भरलाय, ५० हजार आणि दोन जामीनदार. विचारत होता, तुमचा कागद वेगळा कसा. तीन महिन्यांत आम्ही पहिल्यांदा बोललो.

अॅडव्होकेट_मीनल

त्यांनाही दुरुस्तीचा अर्ज देता येईल, आत्ताच. अंतरिम हुकूमाविरुद्ध सत्र न्यायालयात जाण्याची वाट आहे, पण काही न्यायाधीश अंतरिम म्हणून हात लावत नाहीत. आधी तहसीलदारांकडेच मागा.

बांधावरची_बाभूळ

ताई, सांगतो त्याला. भरतीचं मात्र राहिलंच. केंद्राच्या भरतीतल्या साक्षांकन फॉर्ममध्ये अटक, खटला यांच्या जोडीला "कधी बाउंड डाउन केलं आहे का" असं विचारतात. अंतरिम सही केली, अंतिम हुकूम झाला नाही, तर तिथे काय लिहायचं?

माजी_नायब

कार्यवाही झाल्याचं लिही आणि निकालाची प्रत जोड. लपवलेलं सापडलं तर चॅप्टरपेक्षा लपवणं महागात पडतं.

अॅडव्होकेट_मीनल

लपवू नका, हे बरोबर. पण "बाउंड डाउन"ला सरळ "हो" लिहायचं का, यावर माझं मत वेगळं आहे, अंतरिम बॉण्ड म्हणजे निवाडा नाही. त्या रकान्यात तथ्यं जशीच्या तशी लिहिणं मी सुचवेन, एका शब्दात उत्तर देऊ नका. आधी हवालदाराची जबानी होऊ द्या.

गावगाडा

मीनलताई, माझ्या तीन सह्यांचे फॉर्म तहसीलमध्ये मिळतील का हो बघायला? आता जरा झोप उडालीय.