मदत हवी आहे: शटर मोटरच्या दोन रिलेचं इंटरलॉक पुरेसं आहे का?

नमस्कार मंडळी, दुकानाच्या शटरला सिंगल फेज कपॅसिटरवाली मोटर आहे, वर-खाली करायला दोन साधे ८ पिन रिले लावलेत. प्रत्येक रिलेचा एक पोल मोटरला फेज देतो आणि दुसऱ्या पोलचा एनसी समोरच्या रिलेच्या कॉइलच्या सिरीजमध्ये घेतलाय, म्हणजे एक ओढला की दुसरा ओढूच शकत नाही, असं मी धरून चाललो होतो.

काल पोराने शटर खाली येत असतानाच वरचं बटण दाबलं, तडतड आवाज झाला आणि बटण सोडलं तरी शटर वरच जात राहिलं, शेवटी एमसीबी पाडला. रिले सॉकेटमधून काढून मीटर लावला तर कॉइलला सप्लाय नसताना पॉवरचा एनओ चिकटलेला आणि शेजारच्या पोलचा एनसी पण बीप देतोय! म्हणजे आता खालचं बटण दाबलं तर दोन्ही वाइंडिंगला फेज मिळणार, मोटर नुसती घूं करत तापणार, आणि भरलेला कपॅसिटर दोन्ही रिलेच्या कॉन्टॅक्टमधून शॉर्ट होणार, म्हणजे दुसरा रिले पण चिकटायची भीती.

माझ्या डोक्यात असं आहे की एक रिले फक्त चालू-बंदसाठी ठेवायचा आणि दुसऱ्याच्या कॉमनला फेज देऊन एनसीवर खाली, एनओवर वर, म्हणजे दोन्हीकडे एकदम फेज जायलाच नको. पण चालू असताना दिशा बदलली तर तिथेही आर्क होईल ना? टायमरने साधारण अर्धा सेकंद गॅप पुरेल, की सरळ मेकॅनिकल इंटरलॉकवाले कॉन्टॅक्टर घेऊ? कोणी असं वापरलं असेल तर वायरिंग सांगा प्लीज.