मदत हवी आहे: घोड्याच्या पासपोर्टवर नंबर DE पासून सुरू, पण आत जन्म बेल्जियमचा. फसवणूक आहे का?

माडाखालचा
नमस्कार मंडळी. मी पेडण्याचा. मुलगी चार वर्षं घोडेस्वारी शिकतेय आणि आता तिला स्वतःचा घोडा हवाय, तिच्या आईच्या भाषेत सांगायचं तर खूळ लागलंय. बंगळुरूकडच्या एका तबेल्यात एक बाहेरून आणलेला घोडा विकायला आहे, मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पासपोर्टच्या पानांचे फोटो पाठवले. लाइफ नंबर आहे

```
DE 433 33 ***** 11
```

(मधले पाच आकडे मी झाकलेत.) मालक म्हणतो घोडा बेल्जियमचा, आतल्या पानावरही जन्मस्थान बेल्जियमच लिहिलंय. मग नंबर जर्मनीचा कसा? मेहुणा म्हणतो दोन घोड्यांची कागदं एकत्र केलेली आहेत, पैसे देऊ नकोस. वय मालक ११ सांगतो. आणखी एक, त्याच पानावर बारकोडचा स्टिकर आहे त्यावरचा नंबर 981 ने सुरू होतो, तो कुठल्या देशाचा?

घोडनवमी_पुणे
DE म्हणजे जर्मनी, सरळ आहे. घोडा जर्मनीत जन्मला, बेल्जियम कोणीतरी नंतर घातलंय. रेसच्या घोड्यांच्या नावामागे IRE, GB, IND लिहितात ना, तो जन्माचा देश असतो, तसंच हे. मी असतो तर सोडून दिला असता.

रानमांजर
गोव्यात बाहेरून घोडा आणायला पासपोर्ट कशाला हवाय, चेकपोस्टवर डॉक्टरचं हेल्थ सर्टिफिकेट चालतं की. आम्ही बैल आणला तेव्हा एवढंच मागितलं होतं.

माडाखालचा
रानमांजरदादा, आणायचा प्रश्न नाही हो, घोडा खरा कुठला ते विचारतोय.

सुलूची_पागा
मी हॉलंडमध्ये आठ वर्षं ग्रूम होते, आता डिचोलीत घरी. पुणेकरांचं रेसच्या घोड्यांबद्दल बरोबर आहे, पण तो नियम इथे लावू नका. नावामागचे IRE किंवा IND घोडा कुठे जन्मला ते सांगतात. लाइफ नंबरची सुरुवात मात्र घोड्याची पहिली नोंद कुठल्या देशातल्या वहीत झाली एवढंच सांगते. वही म्हणजे स्टडबुक, ज्या संस्थेने त्याला आपला म्हणून लिहून घेतलं ती. जन्माचं गाव वेगळ्या देशात असू शकतं आणि युरोपात ते रोजचंच आहे, तिथे सीमा म्हणजे आपली पत्रादेवी समजा, शिंगरू एका बाजूला नि कार्यालय दुसऱ्या बाजूला.

तुमच्या घोड्याचं बघू. पूर्ण नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिली तीन देश, पुढची तीन वही, उरलेली नऊ त्या एका जनावराची. तुमचा नंबर मोजा, DE धरून चौदाच भरतील, कारण जर्मन लोक पासपोर्टवर दोन अक्षरांचा DE छापतात. तो काढून जागी 276 घाला, तो जर्मनीचा आकडा, की झाले पंधरा:

```
276 433 33*****11
```

आता 276433 म्हणजे जर्मनीतली ओल्डनबर्ग जातीची वही. ओल्डनबर्गवाले बेल्जियममध्ये जन्मलेलं शिंगरूही नोंदवतात, आईबाप त्यांच्या नियमात बसले की झालं. त्यामुळे बेल्जियमचा माणूस, बेल्जियमचं कुरण, बेल्जियममध्येच जन्म आणि तरी नंबर DE, यात काही विचित्र नाही. बेल्जियमच्या वहीत पहिली नोंद असती तर सुरुवात 056 ने असती, हॉलंडच्या केडब्ल्यूपीएनची 528003 ने, फ्रान्सची 250001, जुन्या कागदावर FRA001 पण दिसतं. ueln.net वर देशवार यादी आहे, तुम्हीच पडताळा.

माडाखालचा
ताई, मोजले, चौदाच! यादीतही 276433 समोर ओल्डनबर्गच आहे. म्हणजे मेहुण्याला आता सांगता येईल. पण मालक बदलला, देश बदलला तर हा नंबर बदलत नाही का? घोडा तर इथे भारतात कित्येक वर्षं आहे.

सुलूची_पागा
नाही, नावातच लाइफ आहे. आमच्या तबेल्यात एक घोडी होती, तिचा मूळ पासपोर्ट हरवला म्हणून नवीन पुस्तिका दुसऱ्याच देशातून आली होती, कव्हरवर दुसराच देश, पण आत नंबर 528003 चाच. म्हणून कव्हर बघून देश ठरवायचा नाही, नंबर बघायचा. उलटही होतं. एखादा घोडा कुठेच न नोंदवता वाढला आणि मोठेपणी दुसऱ्या देशात पहिल्यांदा कागद झाला तर त्याला त्या देशाचा नंबर मिळतो आणि नंबरावरून त्याचं मूळ गाव कधीच कळत नाही.

आता खरी गोष्ट. जर्मन नंबराचे शेवटचे दोन आकडे जन्माचं साल असतं. तुमचे 11 आहेत, म्हणजे घोडा २०११ चा. वय ११ कसं होईल, तो चौदाच्या आसपास आहे. मला वाटतं मालकाने ते ११ बघितलं आणि तेच वय धरलं, मुद्दाम की अजाणता ते देव जाणे. जन्मतारीख आत लिहिलेली असेल तिचा फोटो मागा. पण हे सालाचं गणित जर्मनीपुरतं हं, डच नंबरात 528003 च्या लगेच पुढे चार आकडी साल असतं, सगळ्यांना एक नियम लावाल तर फसाल.

घोडनवमी_पुणे
बरं, जन्माबद्दल चुकलो. पण 981 चं काय? तो तर जर्मनी नाही बेल्जियमही नाही.

सुलूची_पागा
तो मायक्रोचिपचा नंबर, तोही पंधरा आकड्यांचाच म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. चिपमध्ये पहिले तीन आकडे देशाचा कोड असू शकतात, पण 900 आणि त्याच्या वरचे चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात. 981 हा कुठलाच देश नाही. तिथून घोड्याचा देश शोधायचा नाही.

वारणेचा_बापू
माझ्या मारवाडीचं पुस्तक आहे त्यात असा DE वगैरे काहीच नाही, साधा रजिस्ट्रेशन नंबर आहे, मग माझी घोडी बेकायदेशीर का?? भारताचा आकडा काय असतो मग?

सुलूची_पागा
बापू, घाबरू नका. भारताचा आकडा 356, पण तुमच्या पुस्तकावर आहे तो तुमच्या संस्थेने स्वतःच्या पद्धतीने दिलेला नंबर आहे. त्याच्या पहिल्या आकड्यांत देश शोधत बसू नका.

माडाखालचा
थोडक्यात नंबर खोटा नाही एवढं पक्कं.

सुलूची_पागा
अहो थांबा! नंबर नीट बनलेला आहे, एवढंच पक्कं. तो *ह्याच* घोड्याचा आहे हे नंबर सांगत नाही. मेहुण्याची शंका जन्मस्थानावरून चुकीची होती, पण दोन घोड्यांची कागदं एकत्र होतात हे खरं आहे. त्यासाठी स्वतः जा, डॉक्टर आणि स्कॅनर घेऊन. चिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली असते, स्कॅनरवर 981 वाला पूर्ण नंबर उमटतोय का ते स्टिकरशी आकडा आकडा लावून बघा. मग आकृतीचं पान काढा, कपाळावरचा टिळा, कुठला पाय पांढरा, केसांचे भोवरे कुठे आहेत. भोवरे वयाने बदलत नाहीत, रंग बदलू शकतो.

माडाखालचा
पुढच्या शनिवारी जातोय, म्हापशाचे एक ओळखीचे डॉक्टर तयार झालेत. जन्मतारखेचा फोटो मालकाला मागितलाय, दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही. आकृतीचं पान पावसात ओलं होऊन चिकटलंय म्हणाला तो.

घोडनवमी_पुणे
हेच नेमकं पान चिकटलं का.