आठ जीबी रॅम, गेमिंग आणि पेजफाइल: किती ठेवायची?

निशाचर: "८ जीबी रॅम आहे, त्यातले २ जीबी अंगभूत ग्राफिक्स खातं. एसएसडी झिजू नये म्हणून पेजफाइल १ जीबी ठेवलीये. नवी लेव्हल लोड होताना गेम आपोआप बंद पडतो, पण टास्क मॅनेजरमध्ये रॅम थोडी रिकामीच दिसते. पेजफाइल वाढवू की बॅकग्राउंड प्रोसेस मारू?"

गोगलगाय: प्रोसेस मार. पेजफाइल म्हणजे डिस्क, डिस्क म्हणजे अडखळणं. माझी तर शून्यावर आहे.

तारकर्कश: शून्याचा सल्ला कृपया देऊ नका. यात गेम अडखळत नाहीये, बंद पडतोय, आणि ही दोन वेगळी दुखणी आहेत. निशाचर, मेमरीच्या पानावर `Committed` बघ. दुसरा आकडा ६.९ असेल: वापरता येणारी ५.९ जीबी रॅम अधिक तुझी १ जीबी पेजफाइल. विंडोज या मर्यादेपलीकडे कुणालाही मेमरीचा शब्द देत नाही. गेम मागतो तेवढं सगळं लगेच वापरत नाही, म्हणून रॅम रिकामी दिसते आणि तरी नकार मिळतो.

गोगलगाय: मग ब्राउझर बंद केला की जागा होईलच ना?

निशाचर: आत्ता मोजलं. ब्राउझर उघडा असताना गेमआधी ३.९, बंद केल्यावर २.६. गेम स्वतः साधारण ४.५ घेतो.

तारकर्कश: म्हणजे बंद करूनही ७.१. तरी बंदच पडणार! उघडा ठेवलास तर ८.४. त्यातून ५.९ वजा जाता अडीच उरतात. वर थोडी मोकळीक हवी, म्हणून सुरुवातीला ४०९६, कमाल ८१९२ एमबी ठेव. `sysdm.cpl` उघड, Advanced, मग Performance चं Settings, पुन्हा Advanced, तिथे Virtual memory. रीस्टार्ट कर. ब्राउझर मात्र तरीही बंद कर, कारण पेजफाइल गेमला पडू देत नाही, पण वेग देत नाही.

सावळा: रॅमच्या दीडपट हा जुना नियम आहे की! आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट दोनवर आण.

तारकर्कश: तो पर्याय अँड्रॉइडचा. विंडोजमध्ये तसा कुठलाच आकडा नाही, स्टार्टअप अ‍ॅप्स बंद करायची, बस. `svchost` एकेक करून मारू नका, मी तसं करून गेमचा आवाजच घालवला होता. आणि दीडपटीपेक्षा मोजलेला आकडा खरा.

सावळा: मग सिस्टमवरच का सोडत नाही? ती हवी तेवढी वाढवते.

तारकर्कश: बहुतेकांना तेच पुरेसं आहे. पण लेव्हल लोड होताना एकदम मोठी मागणी आली की वाढ मागे पडू शकते, म्हणून मी आधीच जागा धरून ठेवतो.

सावळा: माझ्याकडे कधी मागे पडलेली नाही.

निशाचर: ४०९६ केलं, तीच लेव्हल दोनदा लोड झाली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बंद पडल्याच्या वेळी Resource-Exhaustion-Detector, २००४ अशी नोंद होती. आता लोड होताना सेकंदभर अडखळतो.

गोगलगाय: बघ, अडखळलाच!