मदत हवी आहे: स्टेटमेंटच्या फोटोंतला दोन-तीन ओळींचा तपशील नेमक्या व्यवहाराला कसा जोडायचा?

वडिलांच्या बंद झालेल्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट फक्त कागदावर आहे. पीडीएफ मिळणार नाही, बँकेत विचारून झालं. पानांचे फोटो काढून खर्चाचा वर्गवार तक्ता करायचा आहे: औषधं, वीज, किराणा वगैरे. कागद खासगी असल्याने कुठल्याही वेबसाइटवर चढवायचे नाहीत.

टेसरॅक्टने हे चालवलं:

```
tesseract pan1.jpg pan1 -l eng --psm 6 tsv
```

आकडे चांगले येतात. कॅल्कमध्ये C खर्च, D जमा, E शिल्लक असे रकाने केले आणि प्रत्येक ओळीपुढे हे लावलं:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

शून्य आलं नाही की चूक लगेच सापडते. उदाहरणार्थ, 720 रुपयांचा खर्च जमा रकान्यात गेला तेव्हा फरक बरोबर दुप्पट, 1440 आला. आता सगळीकडे शून्य आहे आणि अखेरची शिल्लक छापील आकड्याशी जुळते.

अडलंय ते वर्गवारीत. तारीख आणि रक्कम चौकटीच्या मधोमध छापली आहे, पण तपशील दोन-तीन ओळींचा आहे. त्यामुळे दुकानाचं नाव कधी तारखेच्या वर येतं, कधी खाली. "तारीख नसलेली ओळ आधीच्या व्यवहाराला जोडा" हा नियम इथे चालत नाही: औषधांच्या दुकानाचं नाव वीजबिलाला चिकटतं आणि बेरीज जुळत असल्याने ते कळतही नाही. व्यवहारांमध्ये आडव्या रेघा नाहीत, ओळींमधलं अंतरही जवळपास सारखंच आहे.

टीएसव्हीतल्या `top` आणि `height` वरून प्रत्येक ओळ नेमक्या कुठल्या तारखेची, हे खात्रीने कसं ठरवता येईल?